दहा दिवसांच्या बाळाचं फोटोशूट: स्टुडिओचं कॅप्शन कसं वाचावं

‘इवल्या पावलांच्या आठवणी जपा कायमच्या! न्यूबॉर्न शूट फक्त ९,९९९ पासून. ४ थीम, २० एडिटेड फोटो, सगळे प्रॉप्स फ्री. १०० टक्के सेफ आणि हायजिनिक सेटअप. बाळाचं वय ५ ते १५ दिवस. स्लॉट मर्यादित, बुकिंगसाठी आजच मेसेज करा.’

अशा धाटणीचं कॅप्शन आज पुण्या-मुंबईइतकंच नाशिक-कोल्हापूरच्या स्टुडिओंच्या इन्स्टाग्रामवरही सापडतं. वरचा मजकूर कुणा एका स्टुडिओचा नाही, नेहमीच्या साच्यावरून इथे बेतलेला आहे. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २,२०० अक्षरांपर्यंत जागा असते. तरी सुरक्षिततेच्या वाट्याला बहुतेक वेळा ‘सेफ’ आणि ‘हायजिनिक’ एवढे दोनच शब्द येतात. पाच-दहा दिवसांचं बाळ दोन-तीन तास परक्या माणसाच्या हातात द्यायचं, तेव्हा त्या दोन शब्दांमागे नेमकं काय असायला हवं, हे पालकांनी पैसे भरण्याआधी विचारून घेतलेलं बरं. नवजात बाळांचे फोटो काढायला आपल्याकडे वेगळा परवाना किंवा परीक्षा नाही. काल लग्नाचे फोटो काढणारा आज टोपल्या आणि लोकरीची टोपडी आणून पाटी लावू शकतो. त्यामुळे पारख पालकांनाच करावी लागते.

आधी वयाची अट पाहू. ‘५ ते १५ दिवस’ ही फक्त धंद्याची घाई नाही, तिला कारण आहे. पहिल्या दोन आठवड्यांत बाळ गाढ झोपतं, गर्भात होतं तसं हातपाय पोटाशी घेऊन राहतं आणि दुपट्यात गुंडाळलं की त्याच अवस्थेत रमतं. तीन आठवड्यांनंतर ते जास्त वेळ जागं राहू लागतं, दुपट्यातून हात सोडवून घेतं, गालांवर बारीक पुरळ येतं आणि संध्याकाळची रडारड सुरू होते. आपण पाहतो ते गोल मुटकुळं करून झोपलेल्या बाळांचे फोटो या पहिल्या दोन आठवड्यांतले असतात. अशा चित्रांची आवड जगभर पसरवण्यात ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या छायाचित्रकार ॲन गेडिस यांचा मोठा वाटा आहे. फुलांत आणि पानांत ठेवलेल्या बाळांच्या फोटोंचं त्यांचं ‘डाउन इन द गार्डन’ हे पुस्तक १९९६ साली आलं. आजच्या स्टुडिओंतल्या थीम तिथून फार लांब गेलेल्या नाहीत.

पण आपल्या घरांत हेच पंधरा दिवस सर्वांत अडचणीचे. सुवेर असतं, पाचवी-सहावीची पूजा असते, बाराव्या दिवशी बारसं असतं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं आणि ‘सव्वा महिना बाळ-बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही’ असं आजी बजावते. आजीचं हे म्हणणं जुनाट म्हणून उडवून लावू नये. बाळाला जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि कावीळ-बीची लस मिळते. डांग्या खोकल्याविरुद्धची लस मात्र सहाव्या आठवड्यात सुरू होते. सव्वा महिना आणि सहा आठवडे यांत फरक थोडाच. म्हणजे शूटच्या वयात बाळाकडे या आजाराविरुद्ध आईकडून आलेलं असेल तेवढंच संरक्षण असतं. एखादा फोटोग्राफर ‘साधा खोकला आहे’ म्हणत मास्क लावून काम उरकतो, तेव्हा हा मुद्दा आठवावा. ओठाच्या कडेला पाणी धरलेला फोड असेल तर आणखी सावध राहावं. मोठ्या माणसाला तो फोड चार दिवस चुरचुरतो, पण त्यामागचा हर्पिसचा विषाणू नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतो. ज्या कॅप्शनमध्ये ‘आमच्यापैकी कुणी आजारी असेल तर आम्हीच तारीख बदलू’ असं लिहिलेलं असतं, तिथे स्वच्छतेचा विचार झाला आहे असं मी समजते. फिनेलचा वास आणि चकचकीत फरशी मला तेवढं सांगत नाही.

आता फोटोंकडे वळू. खरी गोष्ट इथे आहे.

न्यूबॉर्न शूटमधली सर्वांत मागणी असलेली पोझ म्हणजे बाळ पोटावर, कोपरं टेकवलेली, हनुवटी दोन्ही तळहातांवर. बेडकासारखी बसण्याची ढब, म्हणून स्टुडिओवाले तिला ‘फ्रॉगी’ म्हणतात. दहा दिवसांच्या बाळाला मान धरता येत नाही. त्याचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं आणि मनगटांत ते पेलायची ताकद नसते. मग तो फोटो येतो कसा? दोन फोटो जोडून. पहिल्या फोटोत मदतनीस वरून बोटांनी बाळाचं डोकं स्थिर धरते. दुसऱ्या फोटोत ती डोकं सोडून खालून मनगटं आणि कोपरं धरते. बाळाला कधीच दोन्ही आधार एकदम सोडलेले नसतात. नंतर संगणकावर पहिल्यातला खालचा भाग आणि दुसऱ्यातला वरचा भाग जोडला जातो आणि मदतनिसाचे हात पुसले जातात. झोक्यात लटकलेलं, फांदीवर झोपलेलं, चंद्रकोरीवर विसावलेलं बाळही असंच तयार होतं. बाळ प्रत्यक्षात जाड बीनबॅगवर असतं, झोका आणि फांदी वेगळी टिपलेली असते.

जाणता फोटोग्राफर हे लपवत नाही. ‘ही पोझ जोडून केलेली आहे’ असं तो कॅप्शनमध्येच लिहितो, जोडण्याआधीचे दोन्ही फोटो दाखवतो. धोका त्या हौशी माणसाचा असतो ज्यानं फक्त तयार झालेला फोटो पाहिला आहे आणि जो तसं बाळ खरोखर बसवायला बघतो. पोटावर मान दुमडून ठेवलेलं किंवा टोपलीत बसतं ठेवलेलं बाळ पुढे कलंडलं की हनुवटी छातीला टेकते. नवजात बाळाची श्वासनळी अरुंद आणि मऊ असते, त्या कोनात ती दबते. बाळ रडतही नाही, शांत झोपल्यासारखंच दिसतं. बघणाऱ्याला वाटतं, किती गोड झोपलंय. म्हणून प्रत्येक पोझमध्ये हनुवटी आणि छाती यांच्यात दोन बोटं मावतील एवढी जागा हवी आणि नाक-तोंड कापडाबाहेर हवं. आईबाबा शेजारी बसून हे स्वतः पाहू शकतात, त्यासाठी कॅमेऱ्याचं ज्ञान लागत नाही.

दुसरी खूण पायांची. गुंडाळलेल्या किंवा दुमडलेल्या स्थितीत पाऊल हळूहळू जांभळट होऊ लागलं तर रक्तपुरवठा अडतो आहे, त्या क्षणी पोझ सोडायची. नवजात बाळाचे हातपाय तसेही थोडे निळसर आणि गार असू शकतात. त्यामुळे शूटच्या सुरुवातीला रंग कसा होता ते लक्षात ठेवून नंतर काय बदललं ते पाहायचं. बोटंही तपासायची. मोहेअरच्या जाळीदार रॅपचा सुटा धागा किंवा आईचा गळलेला केस बाळाच्या पायाच्या बोटाभोवती आवळला गेला तर बोट सुजतं आणि बाळ कशानंच शांत होत नाही. प्रत्येक रॅप सोडताना दहाही बोटं मोजल्यासारखी बघून घ्यावीत.

स्टुडिओची ‘बिहाइंड द सीन’ रील असेल तर ती आवाज बंद करून बघावी. कॅमेरा बाळाच्या वर धरलेला असताना त्याचा पट्टा फोटोग्राफरच्या गळ्यात आहे का? टोपलीच्या तळाशी वजन आहे का, की बाळ हललं की ती कलंडेल? आणि मुख्य म्हणजे, बाळापासून हातभर अंतरावर दुसरं कुणी सतत बसलेलं आहे का? एकटाच माणूस प्रकाश सांभाळतो, कॅमेरा सांभाळतो आणि बाळही सांभाळतो, असं दिसलं तर बाकी सगळं छान असूनही मी ते ठिकाण सोडून देईन. काचेच्या बरण्या, तारेच्या टोपल्या, कापलेली फळं, खरी फुलं आणि चमकी यांची मला कधीच गरज वाटलेली नाही. आपल्या बाळंतविड्यात झबलं, टोपडं, कुंची, दुपटं असतंच. आजीच्या जुन्या लुगड्याच्या मऊ दुपट्यात बाळ जेवढं सुंदर दिसतं तेवढं ते आयात केलेल्या कृत्रिम फरवर दिसत नाही, असं माझं मत आहे. काळ्या मण्यांची मनगटी आणि वाळे फोटोपुरते घालायला हरकत नाही. फक्त दोरा पक्का असावा, घातलेले असेपर्यंत बाळावरची नजर हलू नये आणि फोटो होताच ते काढावेत.

फ्लॅशनं डोळे जातात का, हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो. मोठ्या पांढऱ्या कापडातून मऊ करून सोडलेल्या फ्लॅशनं बाळाच्या डोळ्यांना इजा होते असा पुरावा नाही. तरी झोपमोड नको म्हणून पुष्कळ जण खिडकीचा उजेड किंवा स्थिर दिवे वापरतात. प्रकाशाइतकीच किंवा जास्तच काळजी उष्णतेची करावी.

उघड्या अंगाचं बाळ फार लवकर गार पडतं. त्याच्या वजनाच्या मानानं त्वचेचा पसारा मोठा असतो आणि आपल्यासारखं कुडकुडून त्याला ऊब निर्माण करता येत नाही. शूटची खोली साधारण २६ ते २८ अंशांवर ठेवतात. मोठ्यांना तिथे घाम फुटतो, तो फुटू द्यावा. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावं. थर्मामीटर नसेल तर छातीला किंवा पोटाला हात लावून बघावं, कारण हातपाय गार लागणं नेहमीचंच. पोट गार लागलं किंवा कातडीवर जाळीसारखे डाग उमटले तर कपडे घालून आईच्या छातीशी द्यायचं. उलट बाजूही असते. ब्लोअर थेट बाळावर रोखला, अंगाखाली गरम पाण्याची पिशवी तशीच ठेवली, तर बाळ लालबुंद होतं, श्वास जलद होतो आणि भाजण्याचीही भीती असते. पिशवीनं गादी आधी ऊबदार करून बाळ ठेवण्यापूर्वी ती काढून घेतात. ब्लोअर दूर आणि भिंतीकडे तोंड करून ठेवतात.

बाळ झोपावं म्हणून पंख्यासारखा घरघराट लावतात, तो मंद आणि लांब असावा, बाळाच्या कानाशी मोबाइल ठेवू नये. झोपेचा आणखी एक घरगुती उपाय आपल्याकडे निघतो: ‘आज फोटो आहेत, गुटीत जायफळाचे दोन वळसे जास्त दे.’ हे अजिबात करू नये. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही द्यायचं नसतं आणि गुंगीतलं बाळ अवघड स्थितीत ठेवणं तर दुहेरी धोक्याचं. पोटभर दूध, ढेकर आणि ऊबदार खोली एवढ्यावर बाळ झोपत नसेल तर त्या दिवशी जागे फोटो घ्यावेत.

स्वच्छतेचं उरलेलं काम कपड्यांशी आणि हातांशी संबंधित आहे. बाळ दुपटं ओलं करणार, बीनबॅगवर शी करणार, हे गृहीत धरूनच मांडणी करतात. बीनबॅगवर आधी पाणी न झिरपणारा थर, त्यावर धुता येणारी चादर, तिच्यावर दिसणारं कापड. बाळाला लागलेलं प्रत्येक कापड पुढच्या बाळाआधी सुवास नसलेल्या पावडरीनं धुतलेलं हवं. लांब केसांच्या फरची अडचण इथेच आहे. ती सहज धुता येत नाही, म्हणून बाळ आणि फर यांच्यात धुतलेलं कापड नसेल तर ती टाळावी. हातातली अंगठी, घड्याळ, कडं काढलेलं, नखं कापलेली, हात कोपरापर्यंत साबणानं धुतलेले, एवढं पाहिलं तरी पुष्कळ. धूप, उदबत्ती, रूम फ्रेशनर नको. बाळाला त्या सकाळी तेल लावलं असेल तर आंघोळीत ते नीट निघालेलं असावं, नाहीतर कातडी चमकते आणि बाळ हातातून निसटतं.

आता पैसे. ‘९,९९९ पासून’ यातल्या ‘पासून’वर बोट ठेवून सुरुवात करू. समजा, नाशिकच्या एका जोडप्यानं वरचं कॅप्शन वाचून चौकशी केली. दरपत्रक आलं तेव्हा कळलं की ९,९९९ मध्ये फक्त बाळाचे फोटो आहेत. आईबाबा आणि चार वर्षांची ताई यांच्यासह फोटो हवे तर २,५०० वेगळे. वीसपेक्षा जास्तीचा प्रत्येक एडिटेड फोटो ४०० रुपये, आणि दोनशेंतून वीसच निवडायचे म्हटल्यावर बहुतेक घरांत आणखी दहा तरी निघतातच, म्हणजे ४,०००. बेरीज झाली १६,४९९. त्यावर १८ टक्के जीएसटी, २,९७० रुपये. एकूण १९,४६९. अल्बम यात धरलेलाच नाही. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, पण कॅप्शनमधला आकडा जवळजवळ दुप्पट झाला हे खरं. जीएसटी लावणाऱ्याच्या बिलावर पंधरा अंकी-अक्षरी नोंदणी क्रमांक असायलाच हवा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्याला सहसा ही नोंदणी सक्तीची नसते. नोंदणी नसेल तर जीएसटीच्या नावानं पैसे घेता येत नाहीत.

‘४ थीम’ ऐकायला भरघोस वाटतं. प्रत्यक्षात चार थीम म्हणजे चारदा सोडणं, चारदा गुंडाळणं आणि बहुधा चारदा उठणं. दर दोन-तीन तासांनी दूध लागणाऱ्या बाळाचं शूट दूध, ढेकर, लंगोट बदलणं धरून तीन-चार तास चालतं. जिथे एक-दीड तासाचा स्लॉट आहे आणि तरी चार थीमचं आश्वासन आहे, तिथे घाई कुणाच्या अंगावर काढली जाणार ते उघड आहे. दोन थीम आणि एका दिवसात एकच बाळ, हे पॅकेज महाग दिसलं तरी मला ते रास्त वाटतं. एडिटेड फोटो पूर्ण आकारात मिळणार की व्हॉट्सॲपवर दबलेले, किती आठवड्यांत मिळणार आणि मूळ फायली स्टुडिओ किती महिने सांभाळणार, हेही पैसे देण्याआधी लेखी घ्यावं. एडिटिंगमध्ये सालपटं, लाली आणि पिवळेपणा पुसला जातो. फोटोतला गुलाबी रंग बघून खऱ्या बाळाची कावीळ विसरू नये. पिवळेपणा पायांपर्यंत उतरला असेल किंवा बाळ दुधालाही उठत नसेल तर शूट रद्द करून आधी डॉक्टरांकडे.

बुकिंग कसं घडतं ते याच जोडप्याच्या उदाहरणानं पुढे नेऊ. दिलेली तारीख होती २० नोव्हेंबर. नेमकी दिलेल्या तारखेला जन्मणारी बाळं फार थोडी, म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात स्टुडिओ पक्की तारीख देत नाही, पंधरवडा राखून ठेवतो आणि थोडी रक्कम आगाऊ घेतो. इथे बाळ ८ नोव्हेंबरला सिझेरियननं झालं, वजन २.७ किलो. चौथ्या दिवशी घरी सोडायच्या वेळी कावीळ वाढलेली निघाली, दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं. १९ तारखेला बाराव्या दिवसाचं बारसं. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत येतं, तेव्हा डॉक्टरांच्या तपासणीनंतरची २१ तारीख ठरली. स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि टाक्यांच्या बाळंतिणीला तीन जिने चढवायला आजी तयार नव्हती. आजीचंच बरोबर होतं.

म्हणून शूट माहेरी घरी करायचं ठरलं. प्रवासाचे तीन हजार वाढले, एका थीमला कात्री लागली. नोव्हेंबरअखेरची नाशिकची थंडी, म्हणून पूर्वेकडच्या खिडकीची छोटी खोली निवडली, अर्धा तास आधी हीटर लावून ती तापवली, पंखा बंद. फोटोग्राफरनं धुतलेले रॅप बंद पिशवीतून आणले. ताईचे फोटो सर्वांत आधी घेतले, कारण चार वर्षांचं मूल तीन तास थांबत नाही. ताईला बाळ मांडीवर उचलून न देता दोघांना गादीवर शेजारी झोपवून वरून फोटो काढला. ‘फ्रॉगी’ घेतलीच नाही. तेरा दिवसांचं, कावीळ नुकतीच उतरलेलं बाळ पोटावर ठेवण्याऐवजी पाठीवर आणि कुशीवरच टिपायचं, असं फोटोग्राफरनंच सुचवलं. असं स्वतःहून नको म्हणणारा माणूस मिळाला तर तो धरून ठेवावा.

एक गोष्ट कायद्याची. फोटो पैसे देऊन, तुमच्या सांगण्यावरून काढलेले असतील तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर, त्यांचा पहिला मालकी हक्क तुमचा असतो. म्हणून स्टुडिओच्या बुकिंग फॉर्ममध्ये बारीक अक्षरांत ‘सर्व हक्क स्टुडिओकडे, प्रसिद्धीसाठी वापरण्यास संमती’ असं वाक्य टाकलेलं असतं. तोच तो वेगळा करार. सही करण्याआधी ते वाक्य खोडता येतं. बाळाचं नाव, जन्मतारीख आणि चेहरा एकत्र जाहीर व्हायला नको असेल तर तसं त्याच कागदावर लिहावं. काही स्टुडिओ प्रसिद्धीची परवानगी दिल्यास सवलत देतात. ती घ्यायची की नाही हा घराचा निर्णय, पण तो समजून घेतलेला असावा.

हे सगळं दोन हजार अक्षरांच्या आत आरामात बसतं. मी कॅप्शन लिहीन तर ते असं:

‘नवजात बाळांचे फोटो, वय ७ ते २१ दिवस. सव्वा महिन्यानंतर येणार असाल तरी या, पोझ वेगळ्या असतील. एका दिवशी एकच बाळ, वेळ तीन ते चार तास, दूध पाजायला वेगळी खोली. २ थीम, १५ एडिटेड फोटो, आईबाबा आणि भावंडं धरून, करांसह १४,५००. जास्तीचा फोटो ३५०. प्रवास वेगळा धरून घरी येऊन शूट करतो. बाळाजवळ पूर्ण वेळ एक मदतनीस असते. हनुवटी हातांवर टेकवलेली पोझ दोन फोटो जोडून करतो. बाळाला टांगत नाही, काचेत ठेवत नाही. प्रत्येक कापड प्रत्येक बाळानंतर धुतो. आम्ही आजारी असलो तर तारीख बदलू, तुमच्याकडे कुणाला सर्दी-खोकला किंवा ओठावर फोड असेल तर तुम्हीही कळवा. सातव्या-आठव्या महिन्यात २,००० भरून पंधरवडा राखा, बाळ झालं की फोन करा. बाळ एनआयसीयूत असेल तर पैसे पूर्ण परत. तुमच्या लेखी परवानगीशिवाय एकही फोटो कुठे टाकत नाही.’

या कॅप्शनमध्ये इवली पावलं नाहीत, आठवणी नाहीत, आणि लाइक कदाचित कमी येतील. दर प्रत्येक गावात वेगळे असतील, वरचा आकडा नमुन्याचा आहे. पण यातली प्रत्येक ओळ शूटच्या दिवशी तपासता येते.

बजेट बसत नसेल किंवा घरच्यांचं मन तयार नसेल तर स्टुडिओशिवायही भागतं. सकाळी दहाच्या सुमारास, ऊन थेट येत नाही अशा खिडकीजवळ गादी ओढावी, खोलीतले दिवे बंद करावेत, साधं दुपटं अंथरून बाळाला पाठीवर झोपवावं आणि मोबाइलनं, त्याचा फ्लॅश न लावता, डोक्याकडून पायाकडे उजेड पडेल असे फोटो घ्यावेत. स्टुडिओलाच जायचं असेल तर फोनवर दुसरं काही विचारण्याआधी एवढं विचारा: ‘बाळ हातांवर हनुवटी टेकवून झोपलंय तो फोटो काढताना डोकं कोण धरतं?’ उत्तर लगेच आणि सविस्तर आलं तर पुढचं बोला. ‘बाळ आपोआप तसंच झोपतं’ असं ऐकू आलं तर फोन ठेवा आणि दुसरा स्टुडिओ शोधा.